मंगळवारची तपासणी, शुक्रवारचं पेमेंट

प्रश्न: "गरोदरपणाचा १४ वा आठवडा चालू आहे. मी अकाउंट्समध्ये आहे, व्हेंडर पेमेंट माझ्याकडे. माझ्या डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळीच बघतात आणि नेमका आमचा पेमेंट रन याच दोन दिवशी साडेअकराला निघतो. महिनाअखेरीचं क्लोजिंग वेगळंच. पुढची तारीख १० फेब्रुवारी, मंगळवार. सरांना सांगितलं तर म्हणाले, 'बघू, त्या त्या वेळी सांग.' मला दर वेळी विचारायचं नाहीये. सकाळी उशिरा येण्याची परवानगी एकदाच कशी मागू, आणि काम अडणार नाही हे त्यांना कसं पटवू?"

आधी आठ वर्षं अकाउंट्समध्ये आणि त्यानंतर अकरा वर्षं एचआरमध्ये काढली आहेत, त्यामुळे असा अर्ज मी केलाही आहे आणि असे अर्ज टेबलावर घेतलेही आहेत. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते. तुमच्या सरांना दोन-अडीच तासांची चिंता नाही. कुठल्या दिवशी काय अडेल याचा त्यांना अंदाज नाही, म्हणून ते "बघू" म्हणतात. "बघू" हा नकार नसतो, पण होकारही नसतो, आणि त्याचा सगळा भार तुमच्यावर पडतो. दर वेळी नव्यानं विचारायचं, दर वेळी त्यांनी नव्यानं मोठेपणा दाखवायचा. चौथ्या-पाचव्या वेळी दोघंही कंटाळतात. म्हणून परवानगी मागायला जाण्याआधी तारखांचा कागद तयार करा. खरं काम तिथेच आहे, मेल लिहिणं त्यामानानं सोपं.

एक गोष्ट आधीच सांगते. पुढचं सगळं तुमच्या डॉक्टरांच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये गरोदरपणात किमान आठ तपासण्यांची शिफारस केली. बरेच डॉक्टर त्याहून जास्त वेळा बोलावतात. २८ व्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी, मग ३६ व्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी, आणि त्यानंतर दर आठवड्याला, हा जुना आणि अजूनही सर्रास दिसणारा क्रम. जुळं असेल, बीपी किंवा साखर वाढलेली असेल, आधी काही गुंतागुंत झालेली असेल तर फेऱ्या वाढतात. तुमचा क्रम डॉक्टरांना विचारून घ्या. मी इथे हा नेहमीचा क्रम धरून हिशेब करते, तुम्ही आकडे बदला.

आता कॅलेंडर उघडा. १० फेब्रुवारीला १६ आठवडे पूर्ण होतात असं धरते. मंगळवारच धरून पुढे गेलात तर १० मार्च, ७ एप्रिल, ५ मे अशा तारखा येतात. मग दोन-दोन आठवड्यांनी १९ मे, २ जून, १६ जून आणि ३० जून. आता क्लोजिंगचे दिवस, म्हणजे महिन्याचे शेवटचे दोन आणि पुढच्या महिन्याचे पहिले तीन कामाचे दिवस, लाल पेनानं खुणा करा. (तुमच्याकडे हे दिवस वेगळे असतील तर तसे धरा.) ५ मे लाल, २ जून लाल, ३० जून लाल. आठपैकी तीन.

हा योगायोग नाही. चार आठवडे म्हणजे २८ दिवस, आणि महिना असतो ३० किंवा ३१ दिवसांचा. त्यामुळे चार-चार आठवड्यांची तारीख दर महिन्याला दोन-तीन दिवस मागे सरकते. फेब्रुवारी २८ दिवसांचा म्हणून मार्चमध्ये तारीख दहाच राहते. एप्रिलमध्ये ती सात होते, मेमध्ये पाच, जूनमध्ये दोन. महिन्याच्या मध्यावर निवांत सुरू झालेली तपासणी बरोबर गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात क्लोजिंगवर येऊन आदळते. हे पहिल्याच दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मेमध्ये येतं तेव्हा सगळे चिडलेले असतात.

म्हणून तोच हिशेब शुक्रवारचा करून बघा. डॉक्टर शुक्रवारीही बघतात असं तुम्हीच लिहिलं आहे. पहिली तारीख तीन दिवस पुढे, १३ फेब्रुवारी. मग १३ मार्च, १० एप्रिल, ८ मे, २२ मे, ५ जून, १९ जून, ३ जुलै. लाल खुणांवर फक्त ३ जुलै सापडते. सुरुवातीला एकदाच तीन दिवस सरकल्यानं तीन टकरींची एक होते. डॉक्टरांना विचारायला मात्र हवंच. नेहमीची तपासणी, म्हणजे वजन, बीपी, पोटाची उंची, बाळाचे ठोके, ती दोन-तीन दिवस इकडेतिकडे झालेली बहुतेक डॉक्टर चालवून घेतात. पण तुमच्या बाबतीत चालेल की नाही हे त्याच सांगतील, मी किंवा तुमचे सर नाही.

दोन गोष्टी अशा आहेत ज्यांना ठरावीक आठवड्यांची चौकट आहे, आणि त्या चौकटीबाहेर ऑफिससाठी जायचं नाही. एक, बाळाची रचना बघणारी सोनोग्राफी, म्हणजे अनॉमली स्कॅन. ती साधारण १८ ते २२ आठवड्यांत करतात. १३ मार्चला तुम्ही विसाव्या आठवड्याच्या थोड्या पुढे असाल, म्हणजे ती तपासणीच्याच दिवशी बसू शकते. पण त्या दिवशी अडीच तास लिहू नका, चार लिहा. बाळ पाठ करून झोपलं असेल तर डॉक्टर म्हणतात, जरा फिरून या, काहीतरी खाऊन या, मग पुन्हा बघू. कधी कधी दुसऱ्या दिवशीही बोलावतात. त्या दिवशी बाराची मीटिंग ठेवणाऱ्या किती जणींना मी बघितलं आहे, आणि सगळ्यांनी ती टॅक्सीतून अटेंड केली आहे.

दुसरी, साखरेची तपासणी. २४ ते २८ आठवड्यांत होते. ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी असेल तर उपाशीपोटी एकदा रक्त घेतात, मग ग्लुकोजचं पाणी प्यायला देतात, आणि एक तासानं व दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. मधल्या वेळात लॅबमध्येच बसायचं असतं. काही जणींना ते पाणी उलटून पडतं आणि सगळं पुन्हा दुसऱ्या दिवशी करावं लागतं. पण इथे तुमच्या फायद्याची एक गोष्ट आहे. ही तपासणी लॅबमध्ये होते, तिला डॉक्टरांच्या मंगळवार-शुक्रवारशी काही घेणंदेणं नाही. म्हणून ती बुधवारी टाका, १५ एप्रिलला. पेमेंट रन नाही, क्लोजिंग नाही. सकाळी लॅब उघडताच पहिला नंबर लावा, आणि तरीही कागदावर चार तास लिहा.

आता बेरीज. सात साध्या तपासण्या, प्रत्येकी अडीच तास, जाण्यायेण्यासकट: साडेसतरा. स्कॅनचा दिवस चार, साखरेचा दिवस चार. एकूण साडेपंचवीस तास, तेही १३ फेब्रुवारी ते ३ जुलै या २१ आठवड्यांत पसरलेले. आठवड्याला सरासरी सव्वा तास. हा आकडा तुमच्या सरांच्या डोक्यात नाही. त्यांच्या डोक्यात "आता ही सारखी जाणार" एवढंच आहे. त्यांना पटवण्यासाठी यापेक्षा मोठं भाषण लागत नाही. (अडीच तास माझा अंदाज आहे. आधीच्या दोन तपासण्यांना घरून निघाल्यापासून ऑफिसला पोचेपर्यंत किती वेळ लागला ते आठवून खरा आकडा घाला. कमी लिहून नंतर उशीर होण्यापेक्षा जास्त लिहून लवकर पोचलेलं बरं.)

माझ्या पहिल्या वेळी मी हे काहीच केलं नव्हतं. तेव्हाच्या कंपनीत माझेही साहेब "त्या त्या वेळी सांग" वालेच होते, आणि मला तेव्हा ते फार समजूतदार वाटले. पाच महिने ठीक गेले. मग २८ आठवडे झाले आणि डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी बोलावलं. मी सांगायला गेले तर साहेब म्हणाले, "आता दर पंधरवड्याला? महिन्याला एकदा ठरलं होतं ना?" ठरलं काहीच नव्हतं, पण त्यांच्या मनात तसं बसलं होतं आणि मी ते दुरुस्त केलं नव्हतं. मी काहीतरी वाढवून मागते आहे असा त्याचा अर्थ निघाला. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते: २८ आठवड्यांनंतर तपासण्या दुप्पट होतात हे पहिल्याच मेलमध्ये, तारखांसकट लिहा. फेब्रुवारीत वाचलेली २२ मे ही तारीख कुणालाच टोचत नाही. तीच तारीख मे महिन्यात पहिल्यांदा कानावर आली की टोचते.

आता काम अडणार नाही याबद्दल. इथे बहुतेक अर्जांत एक वाक्य असतं: "माझ्या अनुपस्थितीत सहकारी काम बघतील." हे वाक्य वाचून कुठलाही साहेब निर्धास्त होत नाही, कारण त्यात कुठलं काम, कोण, किती वाजता, काहीच नाही. तुमच्या बाबतीत सकाळी साडेनऊ ते बारा या वेळात अडण्यासारखी गोष्ट एकच आहे, साडेअकराचा पेमेंट रन. बाकीचं, व्हेंडरचे मेल, लेजर जुळवणी, बिलांची नोंद, दुपारी केलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून बाकीच्याबद्दल लिहूच नका. त्या एका गोष्टीबद्दल मात्र पूर्ण लिहा.

शुक्रवारच्या रनची बॅच तुम्ही गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत तयार करून ठेवायची. शुक्रवारी सकाळी तुमच्या सहकाऱ्यानं ती एकदा तपासून सिस्टीममध्ये सादर करायची आणि सरांनी नेहमीसारखी मंजूर करायची. इथे दोन अडचणी येतात आणि त्या आधीच बोलून घ्यायला हव्यात.

पहिली, अधिकारांची. बहुतेक ठिकाणी पेमेंट तयार करणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस चालत नाही, आणि ते योग्यच आहे. तुमचा सहकारी एरवी मंजुरीच्या साखळीत असेल तर तो त्याच बॅचमध्ये तुमचं काम करू शकणार नाही. किंवा त्याला सादर करण्याचा अधिकार असेल, पण त्याची रकमेची मर्यादा तुमच्यापेक्षा कमी असेल. माझ्या वेळी नेमकं हेच झालं. सहकाऱ्यानं बॅच उघडली, सादर केली, आणि सिस्टीमनं त्याच्या मर्यादेबाहेरची बिलं परत फेकली. मी तेव्हा तपासणीच्या टेबलावर होते. नर्स बीपी मोजत होती आणि पर्समध्ये फोन थरथरत होता. बीपी वाढलेलं आलं. नर्सनं फोन बंद करायला लावला, पंधरा मिनिटं डाव्या कुशीवर झोपवलं आणि पुन्हा मोजलं, तेव्हा ठीक होतं. पेमेंट गेलं दुपारी दोनला. कुणाचीच चूक नव्हती, अधिकार तपासून बघायचं राहिलं होतं एवढंच. म्हणून आयटीला आजच विनंती टाका. असे अधिकार मिळायला कित्येक ठिकाणी आठवडा लागतो. ते मिळाले की १३ फेब्रुवारीच्या आधीच्या एखाद्या रनला तुम्ही शेजारी बसून सहकाऱ्याच्या लॉगिनवरून पूर्ण बॅच पाठवून बघा, सगळ्यात मोठ्या बिलासकट. आणि तुमचा पासवर्ड त्याला देऊन प्रश्न सोडवू नका. ऑडिटमध्ये सापडलं तर तुम्ही दोघंही अडचणीत, आणि तपासणीच्या परवानगीचा विषय तिथेच संपतो.

दुसरी अडचण जरा नाजूक आहे. बॅच गुरुवारी पाचला बंद झाली तर त्यानंतर आलेली बिलं त्या शुक्रवारी जाणार नाहीत, पुढच्या मंगळवारी जातील. एरवी शुक्रवारी सकाळी दहापर्यंत आलेली बिलं तुम्ही घुसवत असणार, सगळेच घुसवतात. तर त्या आठ शुक्रवारी ही सोय नसेल. हे लपवू नका. "काहीही अडणार नाही" असं लिहिलंत आणि मार्चमध्ये एका व्हेंडरचा चार दिवस उशिरा पैसे आल्याचा फोन गेला, तर तुमच्या कागदावरच्या बाकी सगळ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. त्यापेक्षा सरळ लिहा की या आठ दिवशी उशिरा आलेली बिलं मंगळवारी जातील, खरेदी विभागाला मी कळवते, आणि एखादं बिल थांबवण्यासारखं नसेल तर ते सरांनी ठरवावं. मी ज्यांना ज्यांना अशा परवानग्या दिल्या, त्यांच्यापैकी ज्यांनी आपल्या योजनेतलं भोक स्वतःच दाखवलं त्यांच्या तारखा मी पुन्हा कधी तपासल्या नाहीत.

३ जुलै उरते. शुक्रवार, तपासणी, पेमेंट आणि क्लोजिंगचा शेवटचा दिवस, सगळं एकत्र. डॉक्टरांना विचारून ती आठवडाभर अलीकडे आणता येईल का, असा मोह होईल. मी आणणार नाही. ३६ आठवड्यांच्या आसपास बीपी, लघवीतली प्रथिनं, बाळाचं डोकं खाली आहे की नाही, हे सगळं बघायचं असतं, आणि त्या तपासण्या ऑफिसच्या सोयीनं हलवण्याच्या नसतात. शिवाय तुम्ही ६ जुलैपासून रजेवर जाणार असाल तर ३ जुलै हा तुमचा शेवटचा दिवस आहे, आणि ६ तारखेपासून क्लोजिंग आणि पेमेंट दोन्ही सहकाऱ्यालाच करायचं आहे. मग ३ तारखेचं सगळं त्यालाच करू द्या आणि तुम्ही दुपारी येऊन फक्त बघा. सरांना हे असंच सांगा: त्या दिवशी मी नसण्यात नुकसान नाही, ती हँडओव्हरची तालीम आहे. रजा आणखी उशिरा घेणार असाल तर मात्र त्यापुढच्या दर आठवड्याच्या तपासण्याही कागदावर आणा.

आता बोलायचं कसं. आधी समोरासमोर, पंधरा मिनिटं, क्लोजिंगच्या आठवड्यात नाही. कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि गप्प बसा, त्यांना वाचू द्या. ते पुन्हा "ठीक आहे, त्या त्या वेळी बघू" म्हणाले तर वाद घालू नका. एवढंच म्हणा, "हो सर, फक्त तारखा मी तुमच्या कॅलेंडरवर आत्ताच टाकून ठेवते, म्हणजे त्या वेळी तुम्हाला आठवण करून द्यायला नको." कॅलेंडरवर बसलेल्या तारखेची परवानगी वेगळी मागावी लागत नाही. आणि त्याच दिवशी संध्याकाळी मेल. मेल तुम्ही ऑफिसच्या भाषेत लिहालच, मजकूर साधारण असा:

"सर, आज बोलल्याप्रमाणे. वैद्यकीय तपासण्यांसाठी मला पुढील दिवशी सकाळी उशिरा यावं लागेल: १३ फेब्रुवारी, १० एप्रिल, ८ मे, २२ मे, ५ जून, १९ जून, ३ जुलै, या दिवशी दुपारी १२ पर्यंत पोचेन. १३ मार्च आणि १५ एप्रिल या दोन दिवशी दीडपर्यंत. मेपासून तपासण्या पंधरा दिवसांनी आहेत, त्या वर धरल्या आहेत. एकूण अंदाजे साडेपंचवीस तास होतात.

तपासणीच्या शुक्रवारी पेमेंटची बॅच मी आदल्या संध्याकाळी ५ ला तयार ठेवेन, सहकारी ती सकाळी सादर करतील. त्यांच्या अधिकारांची विनंती आज आयटीला पाठवली आहे, १३ फेब्रुवारीच्या आधी एक रन आम्ही तसा करून बघू. आदल्या दिवशी ५ नंतर आलेली बिलं त्या दिवशी न जाता पुढच्या मंगळवारी जातील, तसं मी खरेदी विभागाला कळवत आहे. तातडीच्या बिलाबद्दल तुम्ही सांगाल तसं.

डॉक्टरांनी तारीख बदलली तर आदल्या दिवसापर्यंत कळवेन. तातडीनं जावं लागलं तर निघताना एक मेसेज करेन. ८ मे नंतर एकदा बसून हे नीट चाललं आहे का ते पाहू."

या मेलमध्ये काय नाही तेही बघा. रिपोर्ट नाही, कुठल्या दिवशी कुठली तपासणी ते नाही, आठवड्यांचा आकडा नाही. सरांना तारखा आणि तास पुरेसे आहेत. एचआरनं अपॉइंटमेंटचा पुरावा मागितला तर डॉक्टरांची तारीख घातलेली चिठ्ठी द्या, सोनोग्राफीचा रिपोर्ट नव्हे. टीमला अजून सांगितलं नसेल तर सामायिक कॅलेंडरवर फक्त "उशिरा" लिहा.

आणि "गेलेले तास भरून काढीन" हे वाक्य मी मुद्दाम घातलेलं नाही. ते लिहिण्याआधी तुमच्या देशातला कायदा आणि कंपनीचं धोरण वाचा. कारण बऱ्याच ठिकाणी हा वेळ हक्काचा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण शिफारशीत, म्हणजे क्रमांक १९१ मध्ये, गरोदरपणातल्या तपासण्यांसाठी मालकाला कळवून कामाची जागा सोडता यावी असं आहे. शिफारस बंधनकारक नसते, पण युरोपीय संघाच्या १९९२ च्या निर्देशात कामाच्या वेळेत होणाऱ्या अशा तपासण्यांसाठी पगार न कापता वेळ देण्याचं बंधनच आहे. जिथे तो हक्क आहे तिथे भरपाईचं वचन देणं म्हणजे स्वतःच्या खिशातून देणं. जिथे नाही तिथे द्यायचं तर मर्यादा घालून द्या: "एप्रिलपर्यंतचे तास त्याच आठवड्यात भरून काढीन." शेवटच्या दोन महिन्यांचं वचन देऊ नका. तेव्हा संध्याकाळी सातपर्यंत बसायला पाय, पाठ, झोप यांतलं कोण साथ देईल हे आज सांगता येत नाही, आणि मोडलेलं वचन मुळात न दिलेल्यापेक्षा महाग पडतं.

तसंच "फोनवर उपलब्ध असेन" हेही नको. बाराला पोचेन, त्याआधी अडलं तर सहकारी, त्याच्यापुढे सर. एवढी साखळी पुरे. वर सांगितलेला फोन मला अजून ऐकू येतो.

रक्तस्राव, पाणी जाणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल कमी वाटणं, यांपैकी काही झालं तर तो या वेळापत्रकाचा विषयच नाही. उठायचं, जायचं, मेसेज रस्त्यातून.

सर सरळ "नाही" म्हणाले तर? तर कुठल्या तारखेला नाही ते विचारा. सगळ्याच नाहीत असं क्वचितच असतं. बहुधा एखाद्या तारखेला त्यांची स्वतःची सुट्टी किंवा ऑडिट असतं, आणि मंजुरी कोण देणार हा त्यांचा प्रश्न असतो. तो तुमचा नाही, पण तुम्ही तो सुचवून सोडवू शकता. खरोखरच सगळ्याला नकार असेल तर हाच मेल, एक शब्द न बदलता, एचआरला पाठवा. तिथे बसलेल्या बाईला किंवा माणसाला तारखा, तास आणि योजना एका पानावर मिळाली तर तिला त्या साहेबांकडे घेऊन जायला काहीतरी हातात असतं. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांपैकी निम्म्यांत ते नसायचं, आणि मग पहिले आठ दिवस मी फक्त तारखा गोळा करत बसायची.

तुमचं काम शिफ्टचं असतं, दुकानातल्या काउंटरचं किंवा वर्गात शिकवण्याचं असतं, तर बॅच आदल्या दिवशी करून ठेवण्याचा पर्याय तुम्हाला नसता. तिथे तास भरणारा माणूसच लागतो, आणि अदलाबदलीचा हिशेब करावा लागतो. तो वेगळा प्रश्न आहे, कुणी विचारला तर लिहीन. तुमच्यासाठी आज दोन फोन: डॉक्टरांकडे, १० तारखेऐवजी १३ चालेल का, आणि आयटीकडे, सहकाऱ्याची मर्यादा किती आहे.